‘अभिनंदन, तुमची निवड झाली!’ : नोकरीच्या ऑफर मेसेजमध्ये नेमकं काय असतं आणि ‘हो’ म्हणण्याआधी काय विचारायचं?

समजा, यावलची एक मुलगी आहे. फैजपूरच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, दोन वर्षं जळगावला एका सीएच्या ऑफिसात नोकरी केली. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी तिने तीन मुलाखती दिल्या. १० जुलैला संध्याकाळी मोबाईलवर ईमेल आला. पहिलाच शब्द होता ‘अभिनंदन’.

पाच मिनिटांत मेलचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. मामांनी हिशोबही करून टाकला, “३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार!” खरं तर तिच्या बँक खात्यात दर महिन्याला साधारण २२ हजार येणार आहेत. कंपनीने काही लपवलेलं नाही. ते सगळं त्या मेलमध्येच लिहिलेलं आहे, फक्त वाचता यायला हवं.

ही मुलगी, ही कंपनी आणि हा मेल समजावण्यापुरते घेतलेले आहेत. आकड्यांचा हिशोब मात्र खऱ्या नियमांनुसार आहे.

ऑफर मेसेज कसा असतो?

बहुतेक कंपन्या हा मेल इंग्रजीत पाठवतात. त्यातला मजकूर मराठीत साधारण असा असतो :

> नमस्कार,
>
> तुमच्याशी झालेल्या तिन्ही भेटी आमच्या टीमला मनापासून आवडल्या. ज्युनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदासाठी तुमची निवड झाली आहे हे कळवताना आनंद होतो.
>
> वार्षिक सीटीसी : ३,६०,००० रुपये (तपशील सोबत जोडला आहे)
> कामाचं ठिकाण : पुणे
> रुजू होण्याची तारीख : सोमवार, ३ ऑगस्ट
>
> पुढची पायरी : सोबतचं ऑफर लेटर वाचून १५ जुलैपर्यंत सही करून पाठवा. त्यानंतर कागदपत्रं अपलोड करण्यासाठी लिंक येईल. ही ऑफर कागदपत्रांच्या आणि आधीच्या नोकरीच्या पडताळणीवर अवलंबून आहे.
>
> काहीही प्रश्न असतील तर निःसंकोच विचारा. तुमची वाट पाहतोय!

मेल आपुलकीने लिहिलेला आहे आणि त्यात वावगं काही नाही. कंपनीलाही चांगला उमेदवार हातचा जाऊ द्यायचा नसतो. पण यातल्या चार गोष्टी थांबून वाचायला हव्यात : पगार, तारीख, ‘अवलंबून आहे’ हे दोन शब्द, आणि सगळ्यात शेवटचं वाक्य. प्रश्न विचारण्याचं आमंत्रण अनेक जण नुसती औपचारिकता समजून सोडून देतात. उमेदवाराच्या सगळ्यात जास्त उपयोगाची ओळ तीच असते.

३० हजारांचे २२ हजार कसे होतात?

सीटीसी म्हणजे ‘कॉस्ट टू कंपनी’. तुमच्यामुळे कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. हा खर्च आणि तुमच्या हातात येणारा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलसोबतच्या तपशिलात वर्षाचे आकडे असे आहेत :

- मूळ पगार (बेसिक) : १,८०,०००
- घरभाडे भत्ता : ७२,०००
- विशेष भत्ता : ३६,०००
- व्हेरिएबल पे : ३६,०००
- पीएफमधला कंपनीचा वाटा : २१,६००
- ग्रॅच्युइटी : ८,६५८
- आरोग्य विम्याचा हप्ता : ५,७४२

बेरीज बरोबर ३,६०,००० होते. पण दर महिन्याच्या पगारपत्रकात यातल्या फक्त पहिल्या तीनच गोष्टी येतात. १५ हजार बेसिक, ६ हजार घरभाडे, ३ हजार विशेष भत्ता. म्हणजे महिन्याचा एकूण पगार २४ हजार.

उरलेल्या चार गोष्टींपैकी पीएफमधला कंपनीचा वाटा तिच्या पीएफ खात्यात आणि पेन्शन योजनेत जातो. तो पैसा तिचाच आहे, पण महिन्याच्या खर्चाला मिळणारा नाही. विम्याचा हप्ता विमा कंपनीकडे जातो. ग्रॅच्युइटी ही रक्कम कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हक्काची होते. दोन वर्षांत नोकरी बदलली, तर सीटीसीमध्ये दरवर्षी दिसणारे हे ८,६५८ रुपये तिला मिळणार नाहीत.

व्हेरिएबल पे म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम. ती वर्षातून एकदा मिळते की तिमाहीला, पूर्ण मिळते की निम्मी, हे कंपनीच्या धोरणावर ठरतं. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्या माणसाला पहिल्या वर्षी ती मिळेलच असंही नाही.

आता २४ हजारांतून होणारी कपात. पीएफमध्ये तिचा स्वतःचा वाटा १५ हजारांच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो. पण १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. या मुलीचा पगार २४ हजार, त्यामुळे तिचा व्यवसाय कर कापला जाणार नाही. हाती येतील २२,२०० रुपये. याच पगारावर तिच्या जागी मुलगा असता तर त्याच्या हाती २२,००० आले असते.

सीटीसीला १२ ने भागून आलेला ३० हजारांचा आकडा आणि खरे २२,२०० यांत दर महिन्याला ७,८०० रुपयांचा फरक आहे. जळगावात तिला आज १५ हजार मिळत असतील आणि ती यावलहून ये-जा करत असेल, तर पुण्यातलं कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि डिपॉझिट धरून हिशोब ३० वर नाही, २२ वर करायला हवा. नोकरी घेऊ नये असा याचा अर्थ नाही. निर्णय खऱ्या आकड्यावर घ्यावा, एवढंच.

म्हणून पगाराबद्दलचा पहिला प्रश्न असा विचारायचा : “सर्व कपातीनंतर दर महिन्याला खात्यात अंदाजे किती रक्कम जमा होईल?” एचआर विभागाला हा प्रश्न रोजचा असतो. त्यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही.

३ ऑगस्ट ही तारीख जमेल का?

मुलीच्या सध्याच्या नोकरीत एक महिन्याचा नोटीस पिरियड आहे. तिने १५ जुलैला राजीनामा दिला तर ती १४ ऑगस्टला मोकळी होईल. नवी कंपनी ३ ऑगस्टला बोलावते आहे. मधले ११ दिवस जमत नाहीत.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक, घाबरून ‘हो’ लिहायचं आणि जुन्या ऑफिसला न सांगता निघून जायचं. मग जुन्या ऑफिसकडून रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि नव्या कंपनीची पडताळणी तिथेच अडकते. दुसरी चूक म्हणजे आधी राजीनामा द्यायचा आणि तारखेचं नंतर बघू म्हणायचं.

सोपा रस्ता म्हणजे तारीख विचारून घेणं. १४ ऑगस्ट शुक्रवार आहे, त्यामुळे सोमवार, १७ ऑगस्ट ही तारीख मागणं रास्त आहे. नोटीस पिरियड मुलाखतीतच सांगितला असेल तर कंपनीला त्यात नवलही वाटणार नाही. काही कंपन्या उरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या मालकाला भरून लवकर बोलावतात, यालाच नोटीस ‘बायआउट’ म्हणतात. पण त्यासाठी जुना मालक तयार हवा आणि पैसे कोण भरणार हे लेखी हवं.

प्रश्न विचारला तर ऑफर रद्द होते का?

गावाकडून पहिल्यांदा शहरात नोकरीला निघालेल्यांना सगळ्यात जास्त भीती हीच असते. ‘जास्त विचारलं तर दुसऱ्याला देतील.’ कायदा काय म्हणतो ते बघू.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. एका बाजूने प्रस्ताव येतो, दुसरी बाजू तो स्वीकारते, आणि मग करार होतो. या कायद्याच्या कलम ७ नुसार स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. याचा उमेदवारासाठी अर्थ असा :

“१७ ऑगस्टला रुजू होता येईल का?” हा प्रश्न आहे. त्याने कंपनीचा प्रस्ताव मोडत नाही, तो जागच्या जागी राहतो.

“मला ऑफर मान्य आहे, पण मी १७ ऑगस्टलाच येईन आणि पगार चार लाख हवा” हे मात्र वेगळं आहे. ही बिनशर्त स्वीकृती नाही. कायद्याच्या नजरेत हा उमेदवाराने दिलेला नवा प्रस्ताव ठरतो आणि तो मानायचा की नाही हे कंपनीच्या हातात जातं.

म्हणजे मागणी तीच असली तरी वाक्याची रचना महत्त्वाची आहे. आधी विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं, आणि मग कोणतीही अट न घालता ‘मान्य आहे’ लिहायचं.

आणखी एक गोष्ट. उमेदवाराची स्वीकृती रवाना होण्याआधी कंपनी आपला प्रस्ताव मागे घेऊ शकते. म्हणून प्रश्न विचारायचे, पण दिलेल्या मुदतीच्या आत. १५ जुलैची मुदत असेल तर ११ किंवा १२ जुलैलाच प्रश्न पाठवावेत, म्हणजे उत्तर यायला वेळ राहतो. तोपर्यंत उत्तर आलं नाही तर दोन दिवसांची मुदतवाढ लेखी मागावी.

ईमेलवरची स्वीकृती चालते का? चालते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, असं म्हटलं आहे. त्यामुळे मेलवर टाइप केलेलं ‘मान्य आहे’ हे गंभीरपणे घ्यायला हवं. फोनवर मिळालेलं आश्वासन मात्र नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

ऑफर मिळाली म्हणजे नोकरी पक्की?

अजून नाही. ‘पडताळणीवर अवलंबून आहे’ याचा अर्थ ऑफरला अट आहे. पडताळणीत गुणपत्रिका, जुन्या नोकरीच्या तारखा आणि पगार तपासला जातो. अर्जात आठ महिन्यांच्या नोकरीला वर्ष लिहिलं असेल तर ते इथे उघडं पडतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी हातात नसेल आणि फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र असेल, तर ते चालेल का हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

उमेदवाराची काहीच चूक नसतानाही ऑफर बदलू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रो कंपनीने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर मिळालेल्या आणि रुजू होण्याची वाट पाहणाऱ्या नव्या पदवीधरांना मेल पाठवले. साडेतीन लाखांवर काम करायला तयार असाल तर लवकर रुजू व्हा, असा तो पर्याय होता. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने हे अन्यायकारक असल्याचं सांगत आक्षेप घेतला. कंपनीने बदलत्या आर्थिक परिस्थितीकडे बोट दाखवलं. ज्यांनी पहिल्या ऑफरच्या भरवशावर बाकीच्या नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यांच्यासमोर कमी पगार किंवा आणखी अनिश्चित वाट, असे दोनच रस्ते उरले.

स्वीकारलेली ऑफर खासगी कंपनीने मोडली तर नुकसानभरपाई मागता येते. पण ‘मला नोकरीवर घ्याच’ असा आदेश न्यायालयाकडून मिळवणं खासगी नोकरीत जवळपास अशक्य असतं. म्हणून क्रम सांभाळणं हेच खरं संरक्षण. प्रश्नांची लेखी उत्तरं, मग सही केलेलं ऑफर लेटर, शक्य असेल तर पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल, आणि त्यानंतर जुन्या नोकरीचा राजीनामा. पडताळणीला वेळ लागणार असेल तर ‘राजीनामा आत्ता द्यावा का?’ हा प्रश्नही कंपनीलाच विचारावा.

ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर यांतही फरक आहे. ऑफर लेटर रुजू होण्याआधी येतं. अपॉइंटमेंट लेटर, म्हणजे नियुक्तिपत्र, त्यात सेवेच्या सगळ्या अटी असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक करण्यात आलं आहे. ‘आमच्याकडे तसं लेखी काही देत नाही’ हे उत्तर आता चालणारं नाही.

बाँड असेल तर?

आपुलकीच्या मेलमध्ये बाँडचा उल्लेख बहुतेक नसतो. तो सोबत जोडलेल्या ऑफर लेटरच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो. म्हणून मेल वाचून नाही, तर जोडलेली फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचून उत्तर द्यायचं.

‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट तिथे होती आणि न्यायालयाने ती वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, तिला भरतीची लांब प्रक्रिया करावी लागते, हा मुद्दाही न्यायालयाने विचारात घेतला. म्हणजे प्रत्येक बाँड आपोआप वैध ठरतो असं नाही. पण ‘कोण विचारतंय’ म्हणून सही करू नये, हे नक्की.

बाँड असेल तर तीन गोष्टी विचारायच्या. मुदत किती, रक्कम किती, आणि वेळ गेल्याप्रमाणे रक्कम कमी होत जाते का. मूळ गुणपत्रिका जमा करून घेणार असं कुणी म्हणत असेल तर मात्र सरळ नकार द्यावा. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवून यायचे नसतात.

मग उत्तर कसं लिहायचं?

आभार, उत्साह आणि मोजके प्रश्न. पाचापेक्षा जास्त प्रश्न नकोत आणि सगळे एकाच मेलमध्ये. रोज एकेक प्रश्न पाठवला तर समोरचा वैतागतो. यावलच्या मुलीचं उत्तर असं असू शकतं :

> नमस्कार मॅडम,
>
> ऑफरबद्दल मनापासून आभार. तुमच्या टीमसोबत काम करायला मी उत्सुक आहे. स्वीकृती पाठवण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायच्या होत्या :
>
> १. सर्व कपातीनंतर दर महिन्याला हाती अंदाजे किती पगार येईल?
> २. व्हेरिएबल पे कधी आणि कोणत्या निकषांवर दिला जातो? ऑगस्टमध्ये रुजू झाल्यास यंदा तो लागू होईल का?
> ३. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. १७ ऑगस्टला रुजू होता येईल का?
> ४. प्रोबेशन किती महिन्यांचा आहे आणि त्या काळात नोटीस पिरियड किती असतो?
> ५. पडताळणी साधारण कधी पूर्ण होते? त्याआधी मी राजीनामा द्यावा का?
>
> उत्तर मिळताच मी मुदतीच्या आत कळवते.

समजा, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : हाती साधारण २२,२००, व्हेरिएबल पे एप्रिलमध्ये, किमान सहा महिने काम झालेल्यांना, त्या प्रमाणात, १७ ऑगस्ट चालेल, प्रोबेशन सहा महिने, त्यात नोटीस १५ दिवस, पडताळणीला दहा दिवस. आता तिच्याकडे पाचही गोष्टी लेखी आहेत. पण १७ ऑगस्टपासून मार्चअखेर साडेसात महिने होतात, त्यामुळे तिला पहिल्या वर्षी पूर्ण ३६ हजार मिळणार नाहीत, हेही तिला आजच कळलं. ऑफर लेटरवर तारीख अजून ३ ऑगस्टच असेल तर ते बदलून घेणं, एवढं एक काम उरतं.

मेल खरा आहे की खोटा?

खोटे ऑफर मेसेजही इतकेच गोड असतात. किंबहुना जास्तच. फरक ओळखायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे पैशांची मागणी. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, गेट पास, कारण काहीही असो, रुजू होण्याआधी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. ‘नंतर परत मिळतील’ हे वाक्य त्या फसवणुकीचाच भाग असतो.

दुसरी खूण पत्त्याची. मोठ्या कंपनीचं नाव आणि मेल मात्र `@gmail.com` वरून, किंवा कंपनीच्या नावात एखादं अक्षर जास्त. अशा वेळी मेलमधला नंबर न वापरता कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून त्यावर विचारायचं. तिसरी खूण म्हणजे मुलाखतच झालेली नसणं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

इथेही शेवटची ओळ कामाला येते. खोट्या मेसेजला हेच पाच प्रश्न पाठवून बघा. समोरून नेमकी उत्तरं येण्याऐवजी ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असं आलं, तर काय ते समजून घ्यायचं.